वैजूचा फेटा

खर्ड्यात माझं सलून हाय. कटिंग वडिलांकडनं शिकलो, बाकीचं मोबाईलवर बघून. डोकं घासायचा खरखरीत स्क्रब आणि वरनं लावायचं ॲसिडचं टोनर मीच सुरू केलं. जेल लावणाऱ्या पोरांच्या डोक्यावरचा थर त्यानं खरंच निघायचा. कोंडा मात्र आठ दिवसांत परत यायचा. ते मी कुणाला सांगायचो न्हाई.

वैजनाथ माझा जुना दोस्त. त्याच्या लग्नाला बारा दिवस राहिले होते. म्हणला, डोक्यातनं पांढरं पडतंय, फेटा बांधताना चारचौघांत लाज वाटंल. केस बाजूला करून बघितलं तर जाड चंदेरी पापुद्रे, कडेला लाल. कोपरावर पण तसलाच चट्टा. हे काय, कधीपासनं, विचारायला पाहिजे होतं. विचारलं न्हाई.

चांगलं दाबून सगळं डोकं घासलं. पापुद्रा निघाला तिथं रक्ताचे बारीक ठिपके आले. मला वाटलं घाण मुळातनं निघाली. वरनं टोनर लावलं. वैजूनं खुर्ची घट्ट धरली.

"आग हुतीय रे."

"म्हणजे काम करतंय," मी म्हणलो.

दोन दिवस डोकं साफ दिसलं. मग चिघळलं. दहाव्या दिवशी तर आधी काहीच नव्हतं तिथं पण चट्टे उठले. जामखेडला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडं गेलो. त्यांनी विचारलं, एवढं कुणी घासलं? वैजू म्हणला, मीच, घरी. मी शेजारीच उभा. खरं सांगितलं न्हाई.

बाई म्हणल्या, हा कोंडा नाही, सोरायसिस आहे. घासलं की नव्या जागी उठतो. असं डोकं असेल, जखम असेल, कातडी सोललेली असेल, तर स्क्रब नाही आणि ॲसिड पण नाही. साध्या कोंड्याला सुद्धा औषधाचा शाम्पू लागतो, घासून तो नुसता वरवर जातो. मलम दिलं. डोक्यावर घट्ट काही बांधायचं नाही म्हणल्या.

आमच्याकडं नवरदेवाचा फेटा मीच बांधतो. मांडवात नवरीचे मामा, आसाराममामा, फेटा घेऊन आले. वैजूनं मान खाली घातली.

"आमचा फेटा नको का पाव्हण्याला?" मामांनी विचारलं. बाया कुजबुजायला लागल्या.

वैजू हळूच म्हणला, "बांध तू."

फेटा हातात घेतला. बांधला असता तर कुणाला काही कळलं नसतं. हात वर जाईना.

"मामा, त्याच्या डोक्याला आजार हाय. चिघळवलं मी, घासून. वैजूची काही चूक न्हाई. डॉक्टरनं बांधू नका म्हणलंय."

मामा म्हणले, "दुसऱ्याला लागणारा हाय का?"

"न्हाई. कुणाला लागत न्हाई."

त्यांनी माझ्या हातातनं फेटा घेतला, घडी सरळ केली आणि वैजूच्या खांद्यावर ठेवला. अक्षता पडल्या. वैजूनं माझ्याकडं एकदा बघितलं, रागानं न्हाई. राग असता तर बरं झालं असतं.