बहुतेक सर्व

व्यापार मंत्रालयाच्या कायदा कक्षातल्या अधिकारी बाईंना ऑफिसात सगळे मागून 'कलमताई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. पण त्या सकाळी चहाचा कप ओट्यावर ठेवत असतानाच धाकट्या दिराचा फोन आला, आणि जी डोक्याची मंडई सुरू झाली ती दिवसभर काही उठली नाही.

दिराचा दूध पावडरचा कारखाना होता. बेताचाच, पण त्याच्या जिवावर तीन घरं चालत होती. जुना ड्रायर कुरकुरत होता, नव्याची ऑर्डर या आठवड्यात द्यायची होती. शेजारच्या देशाशी करार होणार आणि तिकडची स्वस्त पावडर बिनशुल्क येणार असेल, तर नवा ड्रायर म्हणजे गळ्यात धोंडाच. त्यातून आदल्या दिवशी दूधवाल्यांच्या सभेत मंत्र्यांनी सांगितलं होतं, की शुल्क जाईल बहुतेक, पण घाबरू नका, अजून नक्की काहीच नाही.

"वहिनी, तुम्ही त्यातल्याच. एकच सांगा, जाणार की राहणार?"

"भावजी, ठरलं असतं तरी जाहीर होईपर्यंत मी बोलले नसते. आणि मंत्रिसाहेब काय म्हणाले ते खरंच मला कळलेलं नाही."

हे अक्षरशः खरं होतं. त्यांच्या माहितीप्रमाणे दूध करारातून साफ वगळलेलं होतं. मग 'जाईल बहुतेक' आलं कुठून?

ऑफिसात पोचल्या तर सचिवांच्या केबिनमध्ये वाटाघाट पथकाचे प्रमुख आधीच तावातावाने बोलत होते. समुद्रापलीकडच्या एका देशाने विचारणा केली होती. शेजाऱ्याच्या पंपांना शुल्क शून्य होणार आणि आमच्या पंपांना पूर्ण, हे कोणत्या नियमात बसतं? प्रमुखांच्या मते उत्तर सोपं होतं. शेजाऱ्याशी मुक्त व्यापार करार होतोय, करार म्हटला की सूट आलीच.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, की करार म्हटला की सूट येते असं नाही. मूळ नियम पंक्तिप्रपंच नको हाच आहे. एका देशाला दिलेली सवलत जगभरच्या देशांच्या व्यापार संघटनेतल्या सगळ्या सदस्यांना विनाअट द्यायची. प्रादेशिक करार हा त्याला अपवाद खरा, पण अटी पाळल्या तरच. त्यातली मोठी अट अशी, की आपापसांतल्या बहुतेक सर्व व्यापारावरचं शुल्क आणि इतर बंधनं निघाली पाहिजेत.

"मग तेच तर केलंय," प्रमुख म्हणाले. "बहुतेक सर्व. म्हणजे दूध सोडून सर्व."

"दोन देशांतल्या व्यापारात दूध जवळजवळ एक तृतीयांश आहे, साहेब."

"मग किती चालतं? आकडा सांगा ना, मी लिहून घेतो."

इथेच बाई अडकल्या. आकडा कुठेच लिहिलेला नव्हता. संघटनेच्या अपील मंडळाने एका प्रकरणात इतकंच म्हटलं होतं, की 'सगळा' असा अर्थ नाही, पण 'काही' यापेक्षा चांगलाच जास्त. प्रमुखांनी ते ऐकून डोळे मिटले. शेतमालाचा आख्खा गट बाहेर ठेवला तर अपवादाची ढाल टिकेल का, याची बाईंना खात्री वाटत नव्हती, आणि टिकणार नाही याचीही छातीठोक हमी देता येत नव्हती. शेजारी श्रीमंत देश, त्यामुळे विकसनशील देशांना आपसात मिळणारी सैल वाटही बंद.

सचिवांनी विचारलं, तुमचा कल कुठे? तेव्हा बाईंनी आधी दिराच्या कारखान्याचं सांगून टाकलं. सचिव म्हणाले, बरं केलंत सांगितलंत, शेवटचं मत माझ्या सहीने जाईल, पण डोकं तुमचंच चालवा. मग त्यांनी मंत्र्यांकडे गेलेलं टिपण मागवलं. टिपण बाईंनीच लिहिलेलं होतं. त्यात होतं: 'करारामुळे दोन्ही देशांतील शुल्क बहुतेक सर्व व्यापारावरून उठेल.'

बाईंनी ते दोनदा वाचलं आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. प्रमुखांनी वाचलं होतं, बऱ्याचशा व्यापारावरून. मंत्र्यांनी वाचलं होतं, सगळ्याच व्यापारावरून, बहुतेक. एकाला दूध बाहेर दिसलं, दुसऱ्याला आत, पण कदाचित. आणि लिहिणारीला दोन्हीपैकी एकही म्हणायचं नव्हतं. तिला फक्त अट सांगायची होती.

"म्हणजे मी सभेत काय सांगून बसलो?" दुपारी मंत्र्यांनी विचारलं. ते चिडले नव्हते, गोंधळले होते, आणि बाईंना ते जास्त अवघड वाटलं.

सचिवांनी सावरून घेतलं. मंत्र्यांनी मग स्वतःच मार्ग काढला. पंपांवरचा महसूल जाणारच आहे, तर समुद्रापलीकडच्यांचं शुल्क थोडं वाढवू, तेवढीच भरपाई.

बाईंना नकारार्थी मान हलवावी लागली. करारामुळे बाहेरच्यांवरचं शुल्क आधीपेक्षा वाढता कामा नये, हीही अटच. सवलत आपसात द्या, पण दुसऱ्यांच्या वाटेत नवी भिंत घालू नका.

"दूध आत टाकलं तर दूधवाले माझा जीव घेतील. बाहेर ठेवलं तर हे पंपवाले खटला भरतील. बाई, तुम्ही सांगा, मी करू काय?"

बाईंना दिराचा चेहरा दिसला, आणि तो दिसतोय म्हणून आपलं मत वाकडं तर होत नाही ना, हेही त्यांनी मनात चाचपून पाहिलं. कळलं नाही. शेवटी जे नियमात होतं तेच त्या बोलल्या. सगळं पहिल्याच दिवशी निघालं पाहिजे असं नाही. दूध आत घ्यायचं, पण शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवायचं. त्याचा आराखडा आणि वेळापत्रक करारातच लिहायचं आणि करार संघटनेला कळवायचा. मुदत वाजवी हवी, दहा वर्षांपलीकडे फक्त अपवाद म्हणून. शेजारी मानतील का ते प्रमुखांनी बघावं.

प्रमुखांनी तिथूनच फोन लावला. शेजारी दहा वर्षांच्या मुदतीवर कुरकुरले, मग मानले. सचिवांनी मसुद्यावर सही केली. बाईंनी नव्या टिपणात 'बहुतेक' हा शब्द येऊच दिला नाही. 'आपसातल्या व्यापारातला फार मोठा भाग, दूध धरून' असं लांबलचक लिहिलं.

संध्याकाळी बातम्यांत जाहीर झालं आणि दीर घरीच आला. सोफ्याच्या कडेवर टेकला.

"दहा वर्षं दिलीत म्हणायची की दहा वर्षांनी संपवलंत म्हणायचं, वहिनी?"

बाईंनी खूप विचार केला. पहिल्या काही वर्षांत शुल्क जवळजवळ तसंच राहील, नंतर उतरत जाईल, एवढंच त्यांना ठाऊक होतं. तेवढ्या काळात कारखाना उभा राहील की बसेल, हे कुठल्याच कलमात नव्हतं.

"तेच मलाही कळत नाहीये, भावजी."

तो हसला, पण पुरता नाही. मग खिशातून फोन काढून त्याने ड्रायरवाल्याला लावला, आणि मोठा राहू द्या, लहान आकाराचा काय भाव पडेल ते सांगा, म्हणाला. बाई आत जाऊन दिवा लावून आल्या. बाहेर तो अजून भाव करत होता.