जिन्याच्या तोंडाशी पाटी

ताईंच्या लेकीला जुळं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट. जुळ्यांची नावं एका दुपारात ठरली. आत्यानं दोन नावं सुचवली, आजोबांनी मान हलवली, विषय संपला. ताईंच्या कथकच्या वर्गाला मात्र नाव मिळता मिळेना. शेवटी घरातले सगळे म्हणायला लागले, हे तिसरं बाळ फार हट्टी आहे.

तोवर नावाची गरजच पडली नव्हती. ताई ज्यांच्याकडे लहानपणापासून शिकल्या, त्या बाईंच्या पुढच्या खोलीत वर्ग भरायचा. "बाईंकडे जाते," एवढं म्हटलं की पुरे. पण बाईंचे गुडघे गेले, मग आवाज बारीक झाला, आणि एक दिवस त्यांनी वर्ग ताईंच्या हवाली केला. ताईंनी छापखान्याच्या वरची लांबट खोली घेतली. लाकडी जमीन, एका भिंतीला आरसा, रस्त्याकडे तीन खिडक्या. परीक्षा घेणाऱ्या मंडळाकडे अर्ज करायचा तर संस्थेला नाव हवं. आणि जिन्याच्या तोंडाशी पाटी नसेल, तर येणारा माणूस छापखान्यात शिरून पत्रिकांचे नमुने बघत बसणार.

ताईंच्या मनात नाव कधीच ठरलेलं होतं. बाईंचंच नाव, पुढे 'कथक अकादमी'. त्या पेढे घेऊन बाईंकडे गेल्या. बाईंनी पेढा घेतला, अर्धा खाल्ला आणि म्हणाल्या, "माझं नाव लावू नकोस."

"का पण, बाई?"

"नको म्हटलं ना."

एवढंच. ताई घरी आल्या त्या तोंड पाडूनच. बाईंना पस्तावा झाला असेल का? वर्ग दिला, पण नाव देण्याइतकी ही पोर तयार नाही, असं तर त्यांना वाटत नसेल? हे कळल्याशिवाय पाटी लावायला ताईंचं मन धजेना. आणि विचारायची सोय नव्हती, कारण बाईंना एकदा विचारून झालं होतं.

"मग दुसरं शोधू," ताईंचे यजमान म्हणाले. ते वर्गात तबला वाजवायचे, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत. "त्यात काय अवघड आहे?"

अवघड होतं. 'नूपुर' गावात आधीच दोन होते. 'नटराज' नावाचं लॉज होतं आणि पंखे दुरुस्त करणाराही होता. नोंदणीच्या कचेरीतला कारकून सरळ सांगायचा, मिळतंजुळतं नाव चालणार नाही. मग मास्तरांनी आपली कसोटी काढली. नाव तिहाईत बसलं पाहिजे. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा म्हणायचा आणि तिसऱ्यांदा त्याचं शेवटचं अक्षर बरोबर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या ठोक्यावर, येऊन पडायचं. नवरा-बायको रोज चहा पिताना टेबलावर ताल धरून नावं म्हणून बघायचे. 'लयसाधना' बसेना. 'श्री लयसाधना' बसेना. 'श्री लयसाधना कथक नृत्य कला अकादमी' असं काही झोकात बसलं, की मास्तरांनी टेबलावर थाप मारली आणि चहा सांडला.

"वा! समेवर आलं बघ!"

"आलं खरं," ताई म्हणाल्या. त्याही खूष झाल्या होत्या. नाव ठरवायची ही रीत असते का, असं दोघांच्याही मनात आलं नाही. आयुष्य ज्याचं तालात गेलं, त्याला जे समेवर येतं ते बरोबरच वाटतं.

पाट्या रंगवणारा खोली बघायला आला. त्यानं कागदावरचं नाव वाचलं आणि जिन्याच्या बाजूची भिंत फूटपट्टीनं मोजली.

"ताई, एवढं नाव इथं मावेल. पण मग वाचायला रस्त्यावरच्या माणसानं जिन्यातच यावं लागेल."

"अक्षर बारीक करा."

"करतो की. पण सायकलवरून जाणाऱ्याला सांगा, थांब बाबा, चष्मा लाव." त्यानं पट्टी पिशवीत टाकली. "बरं, मला आता न बघता म्हणून दाखवा म्हटलं तर मला येणार नाही. तुमच्याकडे यायचं कुणी, पत्ता विचारायचा कसा?"

मास्तर म्हणाले, "तालात म्हणा, लगेच पाठ होईल."

"मास्तर, ताल येत असता तर मी पाट्या कशाला रंगवल्या असत्या?"

तो हसत निघून गेला, पण ताईंच्या डोक्यात किडा सोडून गेला. खरंच, पाटी कोण वाचतं? कोण वाचून वर येतं, कोण वाचून पुढे जातं? त्यांना आता नावापेक्षा हेच जाणून घ्यावंसं वाटायला लागलं. त्यांनी एक काळा फळा जिन्याशी टांगला आणि त्यावर खडूनं नाव लिहायचं ठरवलं. थोडे दिवस एक, मग दुसरं. आणि स्वतः मधल्या खिडकीत उभं राहून बघायचं.

आधी लिहिलं, 'कथक साधना केंद्र'. ज्यांचे पाय आधीच तयार होते, अशा मुली लगेच आल्या. विशारद परीक्षेची तयारी करणारी एकजण तर घुंगरू पिशवीत घेऊनच आली. पण बाकीचे लोक फळा वाचायचे, आपल्या पायातल्या चपला एकदा बघायचे आणि निघून जायचे. एक बाई लेकीला म्हणालेलं ताईंनी वरून ऐकलं, "चल गं, हे मोठ्या लोकांचं आहे."

मग लिहिलं, 'छुमछुम नृत्यवर्ग'. चिल्लीपिल्ली धावत आली. त्यांच्या आया विचारायच्या, वाढदिवसाला एखादा डान्स बसवून द्याल का? जुन्या विद्यार्थिनींपैकी जी सगळ्यांत थोरली, बाईंच्या वेळेपासूनची, ती फळ्यापाशी उभी राहून खाली मान घालून हसत होती. वर आल्यावर म्हणाली, "ताई, परीक्षेच्या प्रमाणपत्रावर हे येणार? मंडळाचे परीक्षक म्हणतील, छुमछुमवाली आली."

"नाही गं बाई, बघतेय फक्त."

"काय बघताय?"

"कोण थांबतं ते."

थोरलीही मग खिडकीत येऊन उभी राहिली. आणि तिनंच ती गोष्ट पहिल्यांदा बोलून दाखवली. "ताई, लोक फळ्यापाशी थांबतच नाहीत. त्या दिव्याच्या खांबापाशी थांबतात. फळा तिथून वाचतासुद्धा येत नाही."

खरंच होतं. ताईंनी दोन-चार संध्याकाळ नीट लक्ष दिलं. घुंगरू वाजत असले की कुणी थांबायचं नाही. वरून नुसती धडधड ऐकू येत असणार. तबला सुरू झाला तरी नाही. पण वर्ग सुरू होताना सगळ्या जणी बसून हातावर ताल देत बोल म्हणायच्या, ता थेई थेई तत, आ थेई थेई तत, तेव्हा खांबापाशी पावलं मंदावायची. पिशव्या घेतलेली माणसं क्षणभर उभी राहायची. त्यांत एक बाई रोज असायची. पस्तिशीची, केस घट्ट बांधलेले, हातात डबा. ती बोल संपेपर्यंत थांबायची आणि नाच सुरू झाला की जायची.

एक दिवस ताई जिना उतरून खाली गेल्या. "वर या ना. बसून ऐका."

ती बाई दचकली. "नाही, मी आपली सहज. पलीकडे माझा दवाखाना आहे. दातांची डॉक्टर आहे मी."

"मग या की. आमच्यात एकीची दाढ दुखतेच आहे."

ती हसली. मग जरा ओशाळून म्हणाली, "मला नाच येत नाही हो. आणि या वयात कुठलं. पण तुमचं ते म्हणणं आहे ना, ते मला येतं." आणि तिथंच, डबा काखेत धरून, तिनं हातावर टाळी देत बोल म्हणून दाखवले. साधे तर म्हटलेच, पण थोरली परीक्षेसाठी जो लांब तुकडा घोकत होती तोही अर्धा म्हटला. लय जराही ढळली नाही.

ताई बघतच राहिल्या. कुणी न शिकवता हे हिच्या तोंडात आलं कसं? "हे तुम्ही रोज इथं उभं राहून?"

"पेशंटच्या तोंडात मशीन फिरवताना मनात म्हणते. हात स्थिर राहतो."

"मग वर का नाही आलात इतके दिवस?"

डॉक्टरीणबाईंनी फळ्याकडे बोट केलं. "आधी होतं साधना केंद्र. मी म्हटलं, साधना आपल्याच्यानं होणार नाही. मग झालं छुमछुम. म्हटलं, तेवढी लहान मी राहिले नाही."

हे सांगायला ताई त्याच संध्याकाळी बाईंकडे गेल्या. बाई पलंगावर पडून होत्या. बोटं मात्र पांघरुणावर ताल देत होती. ताईंनी सगळं सांगितलं, तिहाईचं सांगितलं, पाटीवाल्याचं सांगितलं, तेव्हा बाई हसल्या. दाताच्या डॉक्टरीणबाईचं ऐकलं आणि हसायच्या थांबल्या.

"खाली उभी राहून शिकली?"

"हो ना."

"मीसुद्धा," बाई म्हणाल्या.

ताई सावरून बसल्या.

"माझ्या गुरूंच्या दारावर त्यांचं नाव होतं. पितळेचं, हाताएवढं. ते वाचलं की आत जायचा धीर व्हायचा नाही. म्हणून मी मागच्या गल्लीत जाऊन बसायची. भिंतीपलीकडून पढंत ऐकू यायची." पढंत म्हणजे नाचण्याआधी बोल तोंडानं, हातावर ताल देत म्हणणं. "किती महिने गेले देव जाणे. एकदा गुरुजी मागल्या दारी आले आणि मी म्हणतेय हे त्यांनी ऐकलं. आत नेलं. सगळं पाठ होतं मला, अगदी लांबलचक परणं सुद्धा. आणि पाऊल एक टाकता येत नव्हतं. तिथल्या मुली पोट धरून हसल्या. गुरुजी म्हणाले, हसू नका, असंच असतं. आधी तोंडानं, मग पायानं."

"हे तुम्ही कधी सांगितलं नाहीत, बाई."

"तू कधी विचारलंस? तू आलीस ती आईचं बोट धरून, घुंगरू बांधायचे म्हणून रडत." बाईंनी डोळे मिटले. "म्हणून म्हटलं, माझं नाव नको. एखादी पोर ते वाचून गल्लीत बसून राहायची. तू काय समजलीस?"

ताईंनी पदर घेतला. नाक पुसलं, एवढंच.

"वेडी आहेस," बाई म्हणाल्या.

घरी येताना ताईंना वेगळं काही शोधावं लागलं नाही. पहिल्या दिवशी आलेलं मूल पाय हलवायच्या आधी पढंत करतं, आणि वीस वर्षं नाचलेली बाईसुद्धा रंगमंचावर तुकडा नाचायच्या आधी तबलजीला पढंत करून दाखवते. परीक्षेतही आधी तेच विचारतात. 'पढंत' हे नाव छोटं होतं, नोंदणीत कुणाचं नव्हतं, आणि परीक्षक हसणार नव्हते. मास्तरांनी सवयीनं तिहाईत म्हणून बघितलं.

"बसत नाही गं."

"न बसू दे."

पाटीवाला म्हणाला, "ताई, नुसतं 'पढंत' लिहिलं तर लोक गणिताची शिकवणी समजतील." आणि तसंच झालं. फळ्यावर ते नाव लिहिल्याच्या दुसऱ्याच दिवशी एक गृहस्थ मुलाचं प्रगतिपुस्तक घेऊन वर आले. म्हणून मग 'पढंत'च्या शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरात 'कथक अकादमी' आलं, आणि खाली, सायकलवरूनही वाचता येईल असं, 'आधी तोंडानं, मग पायानं'. प्रगतिपुस्तकवाल्यांचा मुलगा नंतर तबला शिकायला आला.

पाटी लागली त्या संध्याकाळी बाईंना खुर्चीत बसवून आणलं. जिना चढणं त्यांना शक्य नव्हतं. त्या खाली, दिव्याच्या खांबापाशी बसल्या. वर पढंत सुरू झाली. थोरलीचा आवाज होता, चिल्ल्यापिल्ल्यांचा होता, आणि त्यांत डॉक्टरीणबाईंचाही होता. त्या पहिल्यांदाच आत बसल्या होत्या. बाईंनी पाटी वाचली नाही, चष्मा घरी राहिला होता. त्या हातावर ताल देत राहिल्या आणि ओठ हलत राहिले.

त्यानंतरच्या मार्च महिन्यात, जुळी चालायला लागली त्याच आठवड्यात, बाई वारल्या.