ढगांचा महिना

ताईच्या सहलींच्या कचेरीत, टेबलामागच्या भिंतीवर, एक हिरवं आभाळ टांगलेलं होतं. खाली गोठलेलं तळं, तळ्याकाठी एक खोपटं, खोपट्याच्या खिडकीत दिव्याचा पिवळा ठिपका, आणि वर कुणी ओली साडी झटकून वाळत घालावी तसा पसरलेला उत्तर ध्रुवाकडचा प्रकाश. गिऱ्हाईक दार ढकलून आत आलं की आधी त्या आभाळाकडे बघायचं, मग ताईकडे. ताई वर्षानुवर्षं ते आभाळ विकत होती. स्वतः मात्र कधी गेली नव्हती. तिकडे हंगाम लागला की इकडे तिच्या टेबलापुढे रांग लागायची.

धाकटी बहीण संध्याकाळी तिथे येऊन बसायची. ती पडदे शिवायची, मोठमोठ्या खिडक्यांचे. दिवसभर शिवून झालं की दिवेलागणीच्या आत कचेरी गाठायची, कारण अंधार पडला की तिला रस्ता दिसत नसे. मग ताई कुलूप लावायची आणि धाकटी तिच्या कोपराला धरून घरी जायची. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सरळ सांगितलं होतं. डोळ्याच्या पडद्याचा आजार आहे. अंधारातली नजर बहुतेक गेलीच. उजेडातली मधली नजर अजून काही वर्षं पुरेल. वाचता येईल, माणसं ओळखता येतील, सुई ओवता येईल. मग तीही जाईल.

बाहेर पडल्यावर धाकटी रडली नव्हती. कोपऱ्यावर थांबून म्हणाली होती, "ताई, मला तुझ्या भिंतीवरचं आभाळ दाखव. एवढं एक बघू दे, मग डोळे गेले तरी चालतील."

"त्यात काय बघायचंय एवढं?"

"चुण्या. इतकी वर्षं पडदे शिवते मी. तो पडदा वरून कसा धरलाय, घेर कुठे सुटलाय, ते बघायचंय."

ताई हो म्हणाली. म्हणाली आणि रात्रभर कूस बदलत राहिली. कारण भिंतीवरचं आभाळ कॅमेऱ्याने पाहिलेलं होतं. कॅमेरा डोळा उघडा टाकून बसतो, उजेडाचा थेंब थेंब साठवतो, तेव्हा कुठे ते असं हिरवंगार दिसतं. माणसाच्या डोळ्याला बहुतेक वेळा राखेसारखं काहीतरी दिसतं, पातळ, पांढुरकं, दुधाचा हात पुसल्यासारखं. फार जोर धरला तरच हिरवं. परत आलेली कितीतरी गिऱ्हाइकं तिच्याशी भांडून गेली होती, बाई, आम्हाला धूर दाखवलात म्हणून. आणि तो धूरसुद्धा अंधाराला सरावलेल्या डोळ्यांनीच टिपायचा असतो. धाकटीचे नेमके तेच डोळे गेले होते.

हे तिला सांगायचं कसं? ताईने सांगितलं नाही.

लहानपणी दोघींचा एक खेळ होता. ताई मागून येऊन धाकटीचे डोळे झाकायची, तिला कुठेतरी चालवत न्यायची, आणि मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत अशी ताकीद द्यायची. कधी अंगणात मांजरीची पिल्लं असायची, कधी नुसताच माठ. धाकटी कधीही आधी डोळे उघडत नसे. ताईवर तिचा असा विश्वास होता.

बेत ठरवायला बसल्या तेव्हा धाकटीने पुष्कळ वाचून ठेवलं होतं. उन्हाळ्यात तिकडे रात्रच होत नाही, म्हणून तो वगळायचा. सप्टेंबरपासून मार्चअखेरपर्यंत अंधार मिळतो. त्यातही सप्टेंबर आणि मार्चच्या आसपास प्रकाशाला जोर जास्त असतो म्हणतात, आणि मार्चमध्ये दिवसही असतो, म्हणजे तिला दिवसा काही तरी दिसेल. डोंगराआड, समुद्रापासून लांब जावं, तिथे हवा कोरडी, ढग कमी. अमावस्येच्या आगेमागे. आणि निदान आठवडाभर राहावं, एखादी तरी रात्र मोकळी मिळतेच. ती अगदी बरोबर बोलत होती. ताई आपल्या गिऱ्हाइकांना हेच सगळं सांगायची, याच क्रमाने.

ताईने ते एकेक करून खोडून काढलं. डोंगराआडची थंडी तुझ्या छातीला सोसायची नाही. मार्चची हॉटेलं केव्हाच भरली. किनाऱ्यावरचं गाव बरं, डिसेंबरात, हवा सौम्य असते. सुट्टी तीनच रात्रींची जमतेय. गाडी घेऊन ढग चुकवत फिरणाऱ्या सहली असतात खऱ्या, पण त्या पहाटेपर्यंत हिंडवतात, तुला झेपायचं नाही. आपण खाडीकाठच्या एका खोपट्यात जाऊ, शेकोटीपाशी बसू.

"डिसेंबरात तिकडे सूर्यच उगवत नाही ना? मग दुपारी मी काय करू?"

त्याचीही सोय ताईने केली होती. कुत्र्यांची घसरगाडी आहे, डोळे मिटून बसलीस तरी वारा कळेल. गरम पाण्याचं कुंड आहे. काच फुंकायचा कारखाना आहे, भट्टीच्या उजेडात सगळं लख्ख दिसतं. आकाशाने दगा दिला तर हातात काहीतरी हवं, असं ती प्रत्येकाला सांगायची. धाकटीसाठी तिने हाताला आणि कानाला लागणाऱ्या गोष्टी वेचून वेचून ठेवल्या होत्या. एक अमावस्या तेवढी तिने मान्य केली. सगळंच कसं नाकारणार?

धाकटी तिच्याकडे बघत राहिली, मधल्या उरल्यासुरल्या नजरेने. मग म्हणाली, "तुझा धंदा आहे. तू म्हणशील तसं."

किनाऱ्यावर डिसेंबरात चारातल्या तीन रात्री ढगाळ असतात. ताईने म्हणूनच तो किनारा निवडला होता. आभाळ झाकलेलं राहील, तिन्ही रात्री शेकोटीपाशी बसून काढू, आणि परतताना म्हणू, काय करणार, नशीब. दोष ढगांच्या माथी जाईल. डोळ्यांना कुणी बोल लावणार नाही.

पहिल्या रात्री ढग होते. दुसऱ्या रात्रीही होते, वर बर्फाची भुरभुर. धाकटी गोड वागली. कुत्र्यांच्या गाडीत बसून ती खळखळून हसली, काचेच्या भट्टीपुढून तिला उठवावं लागलं. एका सहप्रवाशाने हळहळ केली तेव्हा तीच म्हणाली, आमच्या ताईने आधीच बजावलं होतं, आकाशाचं काही खरं नाही. ताईला त्या रात्री शांत झोप लागली.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा फिरला. समुद्रावरून येत होता तो जमिनीकडून येऊ लागला. कोरडा, कडक, नाकाला झोंबणारा. हा वारा किनाऱ्यावरचे ढग झाडून काढतो, हे ताईला ठाऊक होतं. तिथली सहल चालवणाऱ्या, रोज खोपट्यावर नेणाऱ्या गाडीवाल्याला तिने सुचवून पाहिलं की बहिणीला बरं नाही, आज राहू दे. धाकटी म्हणाली, मी ठणठणीत आहे.

संध्याकाळच्या जेवणाचा सुमार होता, आणि बाहेर केव्हापासून मिट्ट काळोख. खोपट्यात शेकोटी, बाकांवर मेंढीची कातडी, सहासात माणसं. कुणीतरी दार उघडून बाहेर डोकावलं आणि ओरडलं. सगळे कप टाकून बाहेर धावले. ताई बहिणीला धरून मागून आली आणि तिने मान वर केली.

राखेसारखं नव्हतं. धूरही नव्हता. डोंगराच्या कडेपासून खाडीच्या टोकापर्यंत हिरवा पडदा सुटला होता, खालच्या काठाला जांभळी किनार, आणि तो हलत होता. भिंतीवरचं आभाळ कधी हललं नव्हतं.

"ताई, काय झालं? दिसतंय का?"

ताईने मान खाली आणली. "काही नाही गं. ढगच आहेत. जरा फट पडली, बुजली. माणसं उगाच नाचतात."

धाकटीने मान वर केली. तिच्यापुढे काळं होतं, घट्ट, बिनचुण्यांचं. शेजारी एक नवी नवरी नवऱ्याला हाका मारत होती. तिने उत्साहाने आपला फोन धाकटीपुढे धरला. बघा काकू, माझा फोटो कसला आलाय. फोनचा पडदा उजळलेला होता, आणि त्यात हिरवं आभाळ. त्या आभाळात चांदण्यासुद्धा होत्या. धाकटीला त्या सुईच्या टोकाएवढ्या चांदण्या नीट दिसल्या.

"कधी काढलास?"

"आत्ताच की. अजून चालूच आहे. ते बघा, तुमच्या डोक्यावर."

गाडीवाला हातात किटली घेऊन आला होता. आनंदात होता, बोलका झाला होता. धाकटीला म्हणाला, "तुमची ताई आज हरली हो. सहल ठरवताना फोनवर विचारत होती, सगळ्यात जास्त ढग कुठे असतात आणि कधी. मला वाटलं टाळायला विचारतेय. मग तिने तीच जागा घेतली आणि तोच महिना. इतक्या वर्षांत ढग मागणारं हे पहिलंच गिऱ्हाईक." हसत हसत तो पुढच्या माणसाकडे गेला.

बर्फावर दोघी बहिणी उभ्या. धाकटीचा हात ताईच्या कोपरावर होता, तो तिने काढला नाही. काढला असता तर तिला दोन पावलंही टाकता आली नसती.

"मला दिसणार नाही हे तुला माहीत होतं."

"हो."

"आणि तू मला ढग विकलेस."

"तुला वाईट वाटू नये म्हणून गं, चिमणे."

"घरी सांगितलं असतंस तर मी तुझ्या भिंतीसमोर खुर्ची टाकून बसले असते. उजेडात. दिसतं मला ते." धाकटीचा आवाज चढला नव्हता, पडद्याचं माप सांगावं तसा सपाट होता. "डॉक्टरीणबाईंनी मला तोंडावर सांगितलं. त्या परक्या होत्या."

ताई रडू लागली. रडता रडता तिची मान पुन्हा वर गेली. तिला आवरलं नाही. आयुष्यभर विकलेलं आभाळ पहिल्यांदा तिच्या डोक्यावर होतं, आणि आता त्याच्या मधोमध एक गाठ सुटत होती, सगळ्या चुण्या एका बिंदूतून खाली ओघळत होत्या. नकळत तिच्या तोंडून श्वास सुटला.

धाकटीने तो ऐकला.

"सुंदर आहे?"

ताईने हातमोज्याने डोळे पुसले.

"वरून कसा धरलाय ते सांगू नकोस. डोळे मिट."

"काय?"

"मिट डोळे. मी मिटायची ना, तू म्हणायचीस तेव्हा."

ताईने डोळे मिटले. मग धाकटीने हातमोजा काढला आणि चाचपडत आपला गार तळवा तिच्या पापण्यांवर ठेवला, फट राहिली नाही ना याची खात्री करून घेतली. आजूबाजूला माणसं ओरडत होती, हसत होती, कुणीतरी टाळ्या पिटत होतं. एकजण म्हणाला, असं पुन्हा जन्मात दिसायचं नाही. धाकटी काळ्या आभाळाकडे तोंड करून, डोळे सताड उघडे ठेवून उभी होती.

"किती वेळ?" ताईने विचारलं.

"मी सांगेपर्यंत."

हळूहळू ओरडणं कमी झालं. टाळ्या थांबल्या. माणसं एकेक करून शेकोटीकडे वळली, खोपट्याचं दार लागलं, नवी नवरी आतून कुणाला तरी फोटो पाठवत असल्याचं ऐकू आलं. वारा पुन्हा समुद्रावरून येऊ लागला होता, दमट. तळव्याखाली ताईच्या पापण्या ओल्या झाल्या आणि गोठू लागल्या.

धाकटीने अजून सांगितलं नव्हतं.