अकरा सोमवारच्या नोंदी

प्रबंध हातात आला की टेपसर तो शेवटून वाचायला घेत. संदर्भसूचीत आपलं नाव आहे का ते बघायला, असं त्यांचे जुने सहकारी म्हणायचे. ते सहकारी एरवी वाट्टेल ते बोलत, पण हे मात्र खरं होतं.

टेपसर हे अर्थात टोपणनाव. भूजल संस्थेत नोकरीला असताना ते तीस वर्षं दर सोमवारी शहराबाहेरच्या एका निरीक्षण विहिरीवर जात, काठावरून टेप सोडत आणि पाणी किती खोल आहे ते वहीत लिहीत. त्या नोंदी दर वर्षी संस्थेच्या अहवालात छापून येत. तीस वर्षांत एकही सोमवार चुकला नाही म्हणून संस्थेने त्यांना निवृत्तीच्या वेळी एक पितळी पाटी दिली होती. लग्न केलं नव्हतं. थोरल्या बहिणीनं वाढवलं, ती गेली, आणि त्यानंतर घरात बोलायला रेडिओ तेवढा उरला. आता निवृत्तीला नऊ वर्षं झाली होती. फोन वाजला तर तो बँकेचा असे, नाहीतर चुकून लागलेला.

म्हणून विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून बहिस्थ परीक्षक व्हाल का, असं पत्र आलं तेव्हा त्यांनी होकार कळवायला एक दिवसही लावला नाही. मानधन किती ते पत्राच्या मागच्या बाजूला होतं. ती बाजू त्यांनी उलटलीसुद्धा नाही.

प्रबंध दोनशे चाळीस पानांचा होता. उमेदवार एक बाई होती, कुठल्याशा महाविद्यालयात कंत्राटावर शिकवणारी. तिचा विषय होता टेपसरांचीच विहीर. तीस वर्षांत विहिरीचं पाणी खोल का गेलं? पाऊस कमी झाला म्हणून, की आजूबाजूला उपसा वाढला म्हणून? संदर्भसूचीत टेपसरांचं नाव एकोणीस वेळा होतं. त्यांनी ते पुन्हा पुन्हा मोजलं. मोजायची सवयच होती म्हणा.

पहिली तीन प्रकरणं त्यांनी चवीचवीनं वाचली. बाईनं त्यांची एकेक नोंद तपासली होती. एका सोमवारी त्यांनी सहाचा आकडा नऊसारखा काढला होता, तोही तिनं पकडला होता. आयुष्यभर आपण आकडे लिहिले आणि ते कपाटात गेले, अशी टेपसरांची समजूत होती. कुणीतरी ते खरोखरच बसून वाचले, हे बघून त्यांना भरून आलं. चहा निवला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही.

मग चौथं प्रकरण आलं.

पाऊस नाही, उपसा नाही, अशा काळात विहिरीचं पाणी आपोआप किती वेगानं ओसरतं, हे आधी ठरवावं लागतं. तो दर एकदा हाती आला की उरलेली घट उपशाच्या नावावर टाकता येते. बाईनं हा दर काढायला तीस वर्षांतला सगळ्यात स्वच्छ उतार निवडला होता. एका हिवाळ्यातले सलग अकरा सोमवार. सुरुवातीला दर आठवड्याला पाच-पाच सेंटिमीटर, मग चार, मग तीन. कुठे खाच नाही, खळगा नाही. खाली तिनं लिहिलं होतं, ‘क्षेत्रीय निरीक्षणात इतकी सुसंगती क्वचितच आढळते. याचे श्रेय निरीक्षकांच्या शिस्तीला आहे.’

सुसंगती असायला काय झालं! ते अकराही आकडे टेपसरांनी एका दुपारी, एका बैठकीत, एकाच पेनानं लिहिले होते.

त्या हिवाळ्यात बहीण दवाखान्यात होती. जवळ बसायला दुसरं कुणी नव्हतं. विहीर शहराच्या दुसऱ्या टोकाला, जाऊन येऊन अर्धा दिवस मोडे. रजा मागितली असती तर मिळाली असती, पण मग कारण सांगावं लागलं असतं, आणि घरचं दुखणं चारचौघांत काढायचं टेपसरांना कधी जमलं नाही. शिवाय नोंदवहीत भोक पडलं असतं. कामावर परतल्यावर त्यांनी अंदाजानं आकडे भरले आणि वर पांघरूण घातलं. टेपसर बाहेरच्या कामावर असतील असं संस्थेत सगळे धरून चालले; अकरा आठवडे हा माणूस कुठे होता, असं कुणी विचारलं नाही. तेव्हा त्यांना हायसं वाटलं होतं. पुढे त्याच गोष्टीचं वाईट वाटू लागलं, आणि ते कधी थांबलं नाही.

परीक्षकानं तोंडी परीक्षेआधी उमेदवाराशी बोलायचं नाही, असा नियम. तेव्हा ‘बाई, तेवढे अकरा आकडे सोडा’ असं फोन करून सांगायची सोय नव्हती. जे काय म्हणायचं ते अहवालातच म्हणायला हवं होतं.

अहवालाचा छापील नमुना होता. भाग अ उमेदवाराला आणि तिच्या मार्गदर्शकांना दाखवला जाणार. त्यात योगदान, उणिवा, आवश्यक दुरुस्त्या. भाग ब गोपनीय, फक्त परीक्षा नियंत्रकांसाठी. शेवटी चार चौकटी. आहे तसा स्वीकारावा. दुरुस्त्या मार्गदर्शकांनी तपासल्यावर स्वीकारावा. फेरलेखन करून पुन्हा परीक्षकांकडे पाठवावा. नाकारावा.

टेपसरांनी योगदान लिहिलं, ते झरझर झालं. उणिवांमध्ये किरकोळ गोष्टी लिहिल्या. आकृती सातमध्ये एकक नाही, दोन संदर्भ सूचीत नाहीत, शेवटचं प्रकरण घाईत उरकलं आहे. मग ते थांबले आणि लिहून गेले, ‘प्रकरण चारमधील अकरा नोंदी संशयास्पद सुबक आहेत. संशोधकाने ही शंका स्वतःहून घ्यायला हवी होती.’

वाक्य चोख होतं. चूकही दाखवली जात होती आणि टेपसर नामानिराळे राहत होते. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि त्यांना स्वतःची शिसारी आली. आपलं खोटं जिनं विश्वासानं घेतलं तिच्याच माथी ते मारायला आपण निघालोय, आणि वर परीक्षक म्हणून शहाणपण शिकवतोय! त्यांनी तो कागद फाडला.

दुसऱ्या दिवशी परीक्षा विभागातल्या लिपिकाचा फोन आला.

“सर, अहवालाचं कुठवर आलंय?”

“चाललंय. एक आकडेमोड तपासायची आहे.”

“तुम्हाला सांगू नये खरं तर, पण त्या बाई कंत्राटावर आहेत. सहामाही संपायच्या आत पदवी हातात पडली तर कायम होतील, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. फेरलेखन लागलं तर वर्ष गेलंच म्हणून समजा.”

“मला सांगू नये ते सांगू नका,” टेपसर म्हणाले, आणि फोन ठेवून सरळ टेबलाशी बसले.

प्रश्न साधा होता. ते अकरा आकडे काढले तर बाईचा निष्कर्ष उभा राहतो की कोसळतो? उभा राहिला तर दुसरी चौकट, नाहीतर तिसरी. परिशिष्टात सगळ्या नोंदी होत्याच. त्यांनी इतर वर्षांतले सात कोरडे उतार शोधले. ते खडबडीत होते, मधेच एखादा आकडा वर, एखादा खाली. खऱ्या टेपनं मोजलेले होते ना! चार दिवस ते कागदावर आकडेमोड करत होते. विहीर आपोआप जरा जास्तच वेगानं ओसरत होती, त्यांच्या खोट्या आकड्यांपेक्षा जवळजवळ तीस टक्क्यांनी जास्त. म्हणजे उपशाचा वाटा घटत होता. बाईनं सत्तर टक्के म्हटलं होतं, तो एकसष्टवर आला. त्यांनी पुन्हा करून बघितलं. एकसष्ट. निम्म्याहून जास्तच. निष्कर्ष उभा होता.

टेपसर खुर्चीत मागे टेकले. ही बातमी कुणाला तरी सांगावीशी वाटली. सांगायला कुणी नव्हतं.

मग त्यांनी लिहिलं, आणि गोपनीय भागात नाही, भाग अ मध्येच: ‘दुरुस्ती १. प्रकरण चारमधील अकरा आठवड्यांच्या नोंदी वगळाव्यात. प्रस्तुत परीक्षक हाच त्या नोंदींचा निरीक्षक आहे. त्या काळात तो विहिरीवर गेला नव्हता. आकडे अंदाजाने भरलेले आहेत. यात संशोधकाचा काहीही दोष नाही. ओसरण्याचा दर सोबत दिलेल्या सात उतारांवरून पुन्हा काढावा. मुख्य निष्कर्ष कायम राहतो. आलेखात ही जागा रिकामी ठेवावी, रेघ जोडू नये.’ दुसऱ्या चौकटीत खूण केली. सही केली. एक प्रत संस्थेला पाठवली. भिंतीवरची पितळी पाटी उतरवून खणात ठेवली.

आता बोभाटा होणार म्हणून त्यांनी मनाची तयारी केली. तीन आठवड्यांनी संस्थेचं पत्र आलं: ‘आपल्या पत्राची नोंद घेतली आहे.’ बस, एवढंच. बदनामी व्हायलाही कुणाच्या तरी आठवणीत असावं लागतं, हे टेपसरांना तेव्हा कळलं.

तोंडी परीक्षेला ते पहाटेची गाडी पकडून गेले. खोलीत मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि मागच्या बाकांवर पाच-सहा विद्यार्थी होते. बाई चाळिशीची, आवाज स्वच्छ. तिनं दुरुस्त्यांचा तक्ता दाखवला. दर नवा, टक्केवारी नवी, आणि आलेखात रेघ मधेच थांबून पुढे पुन्हा सुरू होत होती. टेपसरांनी तीन प्रश्न विचारले, तिनं तिन्हींची नीट उत्तरं दिली. विभागप्रमुखांनी पदवीची शिफारस जाहीर केली, टाळ्या झाल्या, आणि सगळे चहाला गेले. दुरुस्तीबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. बहुधा सभ्यपणानं.

टेपसर पिशवी आवरत होते. बाई लॅपटॉप घेऊन त्यांच्यासमोर येऊन बसली.

“सर, बांधणीला द्यायच्या आधी एक राहिलंय. परिशिष्टात नोंदींमधल्या प्रत्येक खंडाचं कारण द्यावं लागतं. बाकीच्या विहिरींना मी लिहिलंय, टेप तुटली, रस्ता बंद, निरीक्षक रजेवर. तुमच्या विहिरीचा रकाना रिकामा आहे.” तिनं रकान्यावर बोट ठेवलं. “त्या अकरा आठवड्यांत तुम्ही कुठे होतात, सर?”

तेवीस वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता, आणि आला तो रकाना भरायला. टेपसरांनी पिशवी खाली ठेवली.

“बहिणीजवळ,” ते म्हणाले. “आजारी होती. दवाखान्यात. मी तिथेच असायचो.”

“माफ करा सर. मला माहीत नव्हतं.”

“तुम्हाला कसं माहीत असणार? मी कुणाला सांगितलंच नव्हतं.”

बाईनं टाइप केलं आणि हळू आवाजात वाचून दाखवलं. “‘अकरा आठवडे खंड. निरीक्षक आजारी बहिणीजवळ होते.’ चालेल, सर?”

टेपसरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला आणि पडद्याकडे बघितलं.

“एक दुरुस्ती आहे,” ते म्हणाले. “दहा आठवडे लिहा. अकराव्या सोमवारी ती नव्हती.”

बाईनं अकरा खोडून दहा केलं. तिची बोटं तिथेच थांबली. “मग अकराव्याचं कारण काय देऊ?”

“त्या दिवशी जाता आलं असतं,” टेपसर म्हणाले. “गेलो नाही. निरीक्षक घरीच होता, असं लिहा.”