हाताचा शॉट

खेळ संपला, दिवे लागले, आणि निर्मात्यांनी पहिलं काय केलं असेल तर घड्याळात पाहिलं. एडिटरबाईंनी तेवढ्यावरूनच ओळखलं की सिनेमा काही पचलेला नाही.

"बाई, स्पष्ट बोलू?" निर्माते म्हणाले. हा माणूस अस्पष्ट कधी बोलतच नसे. "रोज तोच दिवस उजाडतो, हे कळलं. संध्याकाळी आजारी भाऊ जातो, की घड्याळ परत सकाळवर, हेही कळलं. पण सगळं घर विसरतं आणि बहिणीलाच तेवढं आठवतं, ते का? तिच्या डोक्याला काय सोनं लागलंय? बरं, मधेच एके सकाळी तीही सगळं विसरून गाणं गुणगुणत उठते. आणि शेवटी एकदम आईलाही आठवायला लागतं! लोक खुर्च्या तोडतील. बहिणीच्या आवाजात चार वाक्यं टाका, समजावून सांगा."

"ह्यांना असलं समजावून सांगणं आवडत नसे," एडिटरबाई म्हणाल्या.

हे म्हणजे त्यांचा नवरा. सिनेमा त्याचा. शूटिंग संपवून तो आजारी पडला आणि एडिटिंग व्हायच्या आत गेला. निर्मात्यांनी मान खाली घातली, माणूस अगदीच दगड नव्हता. पण जाताना दारातून म्हणालेच, "आवडत नसे ते ठीक. पण काहीतरी कारण असेलच ना त्याच्या डोक्यात?"

मागच्या रांगेत बिट्टी बसली होती. एडिटरबाईंची लेक, आता नोकरी करणारी घोडी झाली तरी घरात बिट्टीच. बाप गेल्यापासून मायलेकींचं बोलणं म्हणजे गॅस बंद केलास का, किल्ली घेतलीस का, एवढंच उरलं होतं. सुरुवातीला बिट्टी सारखी विषय काढायची. "आई, बाबा शेवटी ना..." म्हटलं की एडिटरबाई उठून नळ सोडायच्या. एकदा तर फाडकन म्हणाल्या, "किती वेळा तेच तेच उगाळणार आहेस?" त्यानंतर बिट्टीने तोंडाला कुलूप घातलं ते घातलंच. खरं तर तिने एकदाही पुरतं सांगितलं नव्हतं.

आज मात्र ती बोलली. "आई, पहिल्या दिवसाचा हाताचा शॉट कुठे गेला?"

"कुठला हात?"

"असं काय करतेस? बाबांनी तो घेतला तेव्हा मी तिथेच होते."

एडिटरबाई उठल्या. त्या एडिटिंगच्या खोलीत गेल्या, आणि बिट्टी पाठोपाठ आली. कापून टाकलेले तुकडे कुठे जात नाहीत, मशीनमध्ये पडून असतात. बाईंनी पहिला उघडला.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ. भाऊ अंथरुणावर. आई खिडकी लावतेय, वडील बाहेर डॉक्टरांना फोन करताहेत. बहीण सहज त्याचा हात हातात घेते. त्याचा श्वास थांबतो आणि भिंतीवरचं घड्याळ गरगर उलटं फिरून सकाळवर येतं.

"शॉट हलतोय," एडिटरबाई म्हणाल्या. "म्हणून काढला."

"हलतोय?" बिट्टीने नुसतं विचारलं.

शॉट जराही हलत नव्हता.

सिनेमाचा सगळा कायदा त्या एका हातात होता. घड्याळ फिरलं की सगळं सकाळी होतं तसं होतं. फुटलेली बशी सांधते, बहिणीचं सुरीने कापलेलं बोटही कोरं होतं. म्हणजे तिचं शरीरही सकाळचंच, आणि डोकं काही शरीराबाहेर नसतं, तेही सकाळचंच. मग आठवण टिकावी कुठे? नवऱ्याने उत्तर दाखवलं होतं: ती भावातून येते. घड्याळ त्याच्या श्वासाशी बांधलेलं. शेवटच्या श्वासाला ज्याची कातडी भावाच्या कातडीला लागलेली असेल, त्या माणसाच्या आठवणी भावाबरोबर सकाळी पोचतात आणि त्याच माणसाच्या सकाळच्या कोऱ्या डोक्यात उतरतात. बाकीच्यांचं काहीच पोचत नाही. बहीण काही खास नव्हती, हुशार नव्हती. तिने फक्त हात धरला होता.

बाईंनी दुसरा तुकडा लावला. कंटाळलेली, थकलेली बहीण भांडी घासता घासता धावत येते आणि हातातल्या रबरी मोज्यांसकट भावाला धरते. कातडी लागत नाही. म्हणून तो दिवस पोचला नाही. आणि आधीचे दिवसही त्याच डोक्यातून पुढे जायचे होते, तेही तिथेच राहिले. सकाळी ती गुणगुणत उठली, पहिल्या दिवशी उठली होती तश्शी. दिवसभर पहिल्यासारखीच वागली, संध्याकाळी पहिल्यासारखाच सहज हात धरला, आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा डोळे पुसत उठली. आपले किती दिवस हरवले ते तिला कधी कळलंच नाही.

"हाही काढलास," बिट्टी म्हणाली.

"लांबण लागत होती."

"आणि शेवटचा? बहीण एका हाताने त्याला धरते आणि आईचा हात ओढून त्याच्या दंडावर ठेवते, तो? त्याशिवाय आईला सकाळी कळणार कसं?"

एडिटरबाईंनी माऊस सोडला. तिन्ही शॉट त्यांनीच कापले होते. सिनेमाच्या भल्यासाठी वगैरे काही नाही. नवऱ्याचा हात दुसरं कोणी धरून बसलं होतं तेव्हा त्या इस्पितळात खाली औषधांच्या खिडकीपुढे रांगेत होत्या. पिशवी घेऊन वर आल्या तेव्हा सगळं आटोपलं होतं. पडद्यावर कुणाच्याही हातात हात दिसला की त्यांना ती रांग आठवायची, म्हणून कात्री.

समोर पडद्यावर आईला आठवायला लागायच्या आधीची एक सकाळ थांबली होती. भाऊ चहा पितोय, बहीण त्याच्याकडे बघून रडतेय, आणि आई तिच्यावर ओरडतेय, "सकाळी सकाळी काय रडगाणं लावलंयस?"

"किती निगरगट्ट बाई आहे," एडिटरबाई पुटपुटल्या. "एवढं होऊन विसरते."

"विसरत नाही गं ती," बिट्टी म्हणाली. "बाबा सेटवर सगळ्यांना हेच सांगायचे. विसरायला आधी ते घडावं लागतं. तिच्यासाठी ते घडलेलंच नाहीये. घडलंय ते एकट्या बहिणीसाठी."

एडिटरबाईंनी लेकीकडे पाहिलं. किती महिने ही पोरगी एकाच घरात आपल्याबरोबर जेवत होती, आणि ती संध्याकाळ एकटी घेऊन उठत होती. आपण तिला उगाळू नकोस म्हणालो. त्यांना रडू आलं, आणि या वेळी त्या नळाकडे गेल्या नाहीत.

"सांग," त्या म्हणाल्या. "मी खाली गेले, तिथून सांग."

बिट्टीला शब्द जुळवायला वेळ लागला. "तू गेलीस तेव्हा ते झोपलेच होते. मग डोळे उघडले. विचारलं, ती आली का? मी म्हटलं, येतेय. थोड्या वेळाने परत, ती आली का? दारात बघितलं, तू नव्हतीस. त्यांना नीट दिसत नव्हतं आई. माझा एक हात त्यांनी धरलेलाच होता. मी दुसरा त्यावर ठेवला आणि म्हटलं, ही बघा, आली."

"मग?"

"दाबला त्यांनी. म्हणाले, रांग मोठी होती का गं? आणि झालं." बिट्टी आता हुंदके देत होती. "मी खोटं बोलले आई. तुला कसं सांगू, कळत नव्हतं."

एडिटरबाईंनी आपली खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग विचारलं, "कुठला हात? माझा म्हणून ठेवलास तो?"

बिट्टीने डावा हात पुढे केला. त्यांनी तो आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि गालाला लावून धरला.

"हो," एडिटरबाई त्या हाताला म्हणाल्या. "खूपच मोठी होती."