शून्यातून न गेलेली रेषा

आमच्या पेणच्या कॉलेजातल्या स्प्रिंगांची अकरावीच्या पोरांनी ओढून ओढून पार वाट लावली होती. म्हणून परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी बाजारातून बारीक तारेच्या नव्या कोऱ्या घेऊन आले. घाईत त्या तपासायच्या राहिल्या आणि सकाळी प्रॅक्टिकल सुरू झालं.

परीक्षक होते आमच्याच संस्थेच्या रोह्याच्या शाखेतले दत्तात्रेय सर. माणूस सज्जन, पण गुण देताना हात आखडता. परीक्षा चालू असताना मी मुलांशी एक शब्द बोलायचा नाही, असा नियम त्यांनी येताक्षणीच ऐकवला. मला गप्प बसवणं म्हणजे काय ते आमच्या घरच्यांना विचारा.

त्यात शिल्पाची काळजी. गागोद्याच्या वरच्या वाडीवरची ही मुलगी सहामाहीत लेखीला जेमतेम पास झाली होती. प्राचार्यांनी सांगून टाकलं होतं, "नूतनबाई, प्रॅक्टिकलला चांगले गुण आले नाहीत तर बारावीला तिला आर्ट्सला घालू." वाडीवरून सायन्सला आलेली ती पहिलीच. मी तिच्यासाठी स्टाफरूममध्ये भांडण्यात कसर ठेवली नव्हती, पण आज भांडून उपयोग नव्हता.

प्रयोग साधा. स्प्रिंगला हुक अडकवायचा, हुकासकट पन्नास ग्रॅम. मग पन्नास-पन्नासची वजनं चढवत प्रत्येक वेळी लांबी किती वाढली ते मोजायचं. आडव्या अक्षावर भार, उभ्या अक्षावर वाढ, आणि त्या आलेखाच्या चढावरून स्प्रिंगचा ताठपणा काढायचा.

नुसता हुक लागला, म्हणजे पन्नास ग्रॅम. स्प्रिंग हललीच नाही! शंभरलाही नाही. भिंतीवरच्या तक्त्यात तर आलेखाची रेषा शून्यातून सरळ वर गेलेली. पोरं घाबरली, इकडेतिकडे बघितलं, आणि वाढीचे आकडे मनानेच घालून रेषा थेट शून्यातून शेवटच्या बिंदूला नेऊन मोकळी झाली.

शिल्पाने मात्र पहिल्या दोन रकान्यांत शून्य, शून्य लिहिलं. पुढे दीडशेला दोन सेंटीमीटर, दोनशेला चार, अडीचशेला सहा, तीनशेला आठ. तिची रेषा शून्याला शिवलीच नाही, शंभरपासून वर चढली.

सर तिच्या टेबलाशी थांबले. "रेषा शून्यातून का जात नाही? वाचन चुकलं?"

"नाय सर. स्प्रिंगच तशी हाय." तिने कागदाचा एक चिटोरा फाडला आणि मोकळ्या स्प्रिंगच्या दोन वेढ्यांमध्ये सरकवला. तो तिथेच अडकून राहिला. पन्नास ग्रॅम लावले, शंभर लावले, तरी तसाच. दीडशे लावल्याबरोबर वेढे उघडले आणि चिटोरा टेबलावर पडला. "वेढे एकमेकांवर दाबून बसलेत. शंभरपर्यंतचा भार ते सोडवण्यातच जातो. मग ती ताणते. म्हणून चढ सरळ भागाचाच घेतला."

"किती आला?"

"पन्नास ग्रॅम म्हणजे पॉइंट एकोणपन्नास न्यूटन. तेवढ्याला दोन सेंटीमीटर. मीटरमध्ये भागलं तर पॉइंट शून्य चार एक."

"मग हाच ताठपणा?"

इथेच दरवर्षी निम्मा वर्ग आपटतो.

"नाय सर, हा चढ म्हणजे एका न्यूटनला किती मीटर वाढ. ताठपणा म्हणजे एका मीटरला किती न्यूटन. उलटा करायचा. साडेचोवीस न्यूटन प्रति मीटर."

शेजारच्या सुजयने शून्यातून रेषा ओढून पावणेसदतीसच्या आसपास काढला होता. सरांनी दोघांना विचारलं, "एकशे पंच्याहत्तर ग्रॅम लावले तर?"

सुजयने आपल्या रेषेवरून सांगितलं, "चार पॉइंट सात सेंटीमीटर." शिल्पाने सांगितलं, "तीन." पंचवीस ग्रॅमचं छोटं वजन शोधून सरांनी स्वतः चढवलं. काटा तीनवर थांबला.

सरांनी ते वाचन स्वतःच्या वहीत टिपलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, हे तुम्ही शिकवलंत?"

हो म्हणायचा मोह झाला, खोटं कशाला सांगू? पण खरं सांगायलाच जास्त अभिमान वाटत होता. "नाही सर. स्प्रिंगा अशा आहेत हे मलाही आज सकाळीच कळलं. हे तिचं तिनेच शोधलं."

त्यांनी बाकीच्या पोरांना पुन्हा वाचनं घ्यायला लावली, आणि शिल्पाच्या पानावर तीसपैकी एकोणतीस लिहिले. एक का कापला म्हणून मी लगेच भांडायला उभी राहिले. "अक्षावर एकक लिहिलं नाही," ते म्हणाले. बघितलं तर खरंच नव्हतं.

ते पान घेऊन मी तडक प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले आणि त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवलं. शिल्पा बारावीला सायन्सलाच बसणार, आणि कुणाला शंका असेल त्याने आधी एक स्प्रिंग टांगून दाखवावी, असं मी दारातूनच सांगितलं.