पाटीवरचं नाव

तिच्या लघुपटाच्या चित्रीकरणाला उद्याचा एकच दिवस होता. परवा आईची खोली घरमालकाच्या ताब्यात जाणार होती. कागदावर दृश्यं सात, दिवसात मावणार पाच. कुठली दोन गाळायची, इथे तिचं घोडं आठवडाभर अडलं होतं.

"आधी नाव ठरव," कॅमेरावाला मित्र म्हणाला. "पक्कं नको, कामापुरतं. नाव नसलं की सगळीच दृश्यं लाडकी वाटतात."

"ठरलंय. 'उशीर'," ती म्हणाली.

तिची आई कपडे दुरुस्त करून द्यायची. लघुपटातली मुलगी आई गेल्यावर, गिऱ्हाइकांनी न नेलेले कपडे घरोघरी पोचवते. त्यात दवाखान्याचं एक दृश्य होतं: मुलगी धावत पोचते, तोवर खाट रिकामी. खऱ्या आयुष्यात ती स्वतःही आईपाशी वीस मिनिटं उशिरा पोचली होती.

मित्रानं सात कार्डं टेबलावर मांडली. "आता नाव बाजूला ठेव आणि गोष्टीचा गाभा एका वाक्यात लिही."

तिनं लिहिलं, 'आई अचानक गेली.'

"ही घटना झाली."

तिनं खोडलं. 'मुलीला अपराधी वाटतं.'

"हे फक्त तिचं झालं. आई कुठाय यात?"

कोपऱ्यात शिलाई मशीन पुसत बसलेल्या मावशीनं तिसरं कार्ड उचललं. त्यात, आई असतानाच्या काळात, एक गृहस्थ दोन वर्षांनी कोट न्यायला येतो आणि आई म्हणते, थांबा, इस्त्री फिरवून देते.

"अगदी अशीच होती बाई! गिऱ्हाइकाला दोन वर्षं माफ, आणि मी पाच मिनिटं उशिरा आले की फाडून खायची."

मावशीच्या बोलण्यावर हसता हसता ती थांबली. मग एका दमात लिहिलं, 'उशिरा येणाऱ्याचंही आई जपून ठेवते.'

त्याखाली नवं नाव लिहिलं: 'ठेवलेले कपडे'.

मग दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या एकेका कार्डावर ठेवून पाहिल्या. 'उशीर' दवाखान्याच्या कार्डावर बसलं, तिसऱ्यावर अर्धंच बसलं. शेवटच्या दृश्यात एक म्हातारी गिऱ्हाईक परत मिळालेली शाल छातीशी धरते, तिथे तर ते रागावल्यासारखं वाटलं. 'ठेवलेले कपडे' पाच कार्डांवर नीट बसलं. मशीन विकण्याच्या दृश्यावर बसलं नाही. दवाखान्यावरही नाही.

"दवाखाना ठेवायचा तर गाभा बदलू," मित्र हळूच म्हणाला. "पण मग कपडे पोचवायची दृश्यं जातील."

मावशी पुन्हा मशीन पुसू लागली.

तिनं दवाखान्याचं कार्ड उचललं, पुन्हा एकदा पूर्ण वाचलं आणि मशीनच्या कार्डासोबत खणात ठेवलं. चित्रीकरणाच्या पाटीवर खडूनं नवं नाव लिहिलं.

"पुढे बदलणार तर नाहीस ना?" मावशीनं विचारलं.

"नाव बदलेनही. गाभा नाही."

मग तिनं इस्त्री तापत ठेवली. उद्यासाठी कोट तयार करायचा होता.